गाडी वेटिंगवर आहे: थांबावं की बुकिंग रद्द करावं?

प्रश्न: मार्चमध्ये नाशिकच्या एका शोरूममध्ये सात सीटर हायब्रिडचं टॉप व्हेरिएंट बुक केलं, 50 हजार भरले. तेव्हा चार-पाच महिने म्हणाले होते. सात महिने झाले, आता म्हणतात अजून तीन महिने तरी लागतील. रद्द करतो म्हटलं तर 10 हजार कापू म्हणतात, फॉर्मवर तसं लिहिलंय म्हणे. थांबावं की पैसे काढून घ्यावेत? आणि 10 हजार असे कापता येतात का?

उत्तर:

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून आहे: तुमचं बुकिंग आज नेमकं कुठल्या पायरीवर आहे. मी बरीच वर्षं शोरूमच्या बुकिंग डेस्कवर काढली आहेत. ‘वेटिंग किती?’ हे प्रत्येक जण विचारायचा, पण ‘माझं बुकिंग कुठे आहे?’ असं विचारणारा क्वचितच भेटायचा. खरी माहिती त्या दुसऱ्या प्रश्नातून मिळते.

पायऱ्या चार आहेत. पहिली, शोरूमने पैसे घेऊन पावती फाडली. दुसरी, तुमचं नाव कंपनीच्या सिस्टिममध्ये चढलं आणि ऑर्डर नंबर मिळाला. तिसरी, कारखान्यातून निघालेली एक विशिष्ट गाडी तुमच्या नावावर लागली, म्हणजे चॅसिस नंबरसकट अलॉट झाली. चौथी, तुमच्या नावाचं बिल फाटलं. जसजसं पुढे जाल तसतसा वेटिंगचा अंदाज पक्का होतो, आणि रद्द करणंही महाग पडत जातं.

आता पहिली आणि दुसरी यांतला फरक नीट समजून घ्या, कारण घोळ इथेच होतो. तुमच्या हातातली पावती शोरूमची असते, कंपनीची नव्हे. काही शोरूम गर्दीच्या मॉडेलची बुकिंगं स्वतःच्या वहीत किंवा एक्सेलमध्ये ठेवतात आणि कंपनीच्या सिस्टिममध्ये उशिरा चढवतात. कधी कागदपत्रं अपुरी असतात, कधी व्हेरिएंट नक्की नसतं, तर कधी निव्वळ हलगर्जीपणा. रांग धरली जाते ती सिस्टिममधल्या तारखेपासून. पावती मार्चची आणि ऑर्डर मेमध्ये चढलेली असेल, तर तुम्ही मार्चच्या नव्हे, मेच्या रांगेत आहात. हे तपासणं सोपं आहे. बहुतेक कंपन्यांकडून बुकिंग चढल्यावर ग्राहकाला थेट मेसेज किंवा ईमेल येतो. तो मार्चमधला शोधा. सापडला नाही तर कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर फोन करून आपला मोबाइल नंबर सांगा आणि तीन गोष्टी विचारा: ऑर्डर नंबर काय, तो कुठल्या तारखेचा आणि त्यावर कुठलं व्हेरिएंट व कुठला रंग नोंदला आहे. सेल्सच्या पोराला विचारू नका. तो खोटं बोलेल असं नाही, पण बऱ्याचदा त्यालाही ठाऊक नसतं.

तुम्हाला मार्चमध्ये सांगितलेला ‘चार-पाच महिने’ हा आकडा कुठून आला असेल, तेही सांगतो. कंपनी शोरूमला दर महिन्याला किती गाड्या मिळतील ते कळवते. तो आकडा पूर्ण मॉडेलचा असतो. रांग मात्र मॉडेलची नसते. ती व्हेरिएंट, इंधन, गिअरबॉक्स आणि रंग या चौघांची मिळून एक अशी असते. सेल्समन पूर्ण मॉडेलचा हिशेब करून महिने सांगतो आणि तुम्ही उभे असता सगळ्यात लांब रांगेत. महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एनचं उदाहरण पाहा. 30 जुलै 2022 रोजी बुकिंग उघडलं आणि अर्ध्या तासात 1 लाख नोंदी झाल्या. पण त्या वर्षीच्या डिसेंबरपर्यंत वीसेक हजार गाड्या देण्याचंच कंपनीचं नियोजन होतं आणि त्यातही वरच्या झेड 8 एल व्हेरिएंटला प्राधान्य देणार असं तिने आधीच सांगितलं होतं. म्हणजे एकाच मिनिटात बुक केलेल्या दोघांपैकी एकाला दिवाळीत गाडी मिळाली आणि दुसरा पुढच्या वर्षावर गेला, यात शोरूमची काहीच लबाडी नव्हती. उलटही घडतं. टोयोटाने एप्रिल 2023 मध्ये इनोव्हा हायक्रॉसच्या वरच्या झेडएक्स व्हेरिएंटची बुकिंगं पुरवठ्याच्या अडचणीमुळे काही काळ थांबवली होती, खालच्या व्हेरिएंटची मात्र चालू होती. हायब्रिड आणि तेही टॉप, म्हणजे तुमचा प्रकार याच जातीचा आहे.

मग तुमचं खरं वेटिंग कसं काढायचं? सेल्स मॅनेजरसमोर बसा. एक्झिक्युटिव्ह नको, मॅनेजरच हवा, कारण अलॉटमेंटची यादी त्याच्याकडे असते. त्याला म्हणा, ‘साहेब, तारीख नको, दोन आकडे द्या. माझ्याच व्हेरिएंट आणि रंगात माझ्या पुढे या शोरूममध्ये किती जण आहेत? आणि गेल्या तीन महिन्यांत या व्हेरिएंट-रंगाच्या किती गाड्या आल्या?’ समजा त्याने सांगितलं की पुढे 22 जण आहेत आणि गेल्या तीन महिन्यांत पांढऱ्या मोतिया रंगाच्या 4, 3 आणि 5 अशा 12 गाड्या आल्या. म्हणजे महिन्याला सरासरी चार. बावीस जण निघायला साडेपाच महिने लागतील. रांगेतले काही जण गळतात. कुणी दोन शोरूममध्ये बुक केलेलं असतं, कुणाचं कर्ज होत नाही, कुणी दुसरी गाडी घेतं. पुढच्यांपैकी सहा जण गळतील असं धरलं तरी सोळा उरतात, म्हणजे चार महिने. अशा वेळी ‘तीन महिने’ म्हणणारा फार खोटं बोलत नसतो, तो फक्त गळती जास्त धरतो. पण मॅनेजर हे दोन आकडे द्यायलाच तयार नसेल, ‘सर, आम्ही बघतो ना’ यापलीकडे जात नसेल, तर तुमचं बुकिंग बहुधा पहिल्याच पायरीवर अडकलेलं आहे असं समजा.

त्याच बैठकीत दुसऱ्या रंगांचेही आकडे विचारून घ्या. पांढऱ्याच्या मागे सगळे असतात. त्याच व्हेरिएंटमध्ये करड्या किंवा ब्राँझ रंगाच्या पुढे पाच-सहा जणच असतील आणि महिन्याला दोन गाड्या येत असतील, तर वेटिंग तिथेच तीन महिन्यांच्या आत येतं. मात्र रंग बदलण्याआधी एक गोष्ट लेखी घ्या: बदल केल्यावर ऑर्डरची मूळ तारीख कायम राहते की नवी तारीख पडते? हे प्रत्येक कंपनीत वेगळं असतं. काही ठिकाणी रंग बदलला तर तारीख टिकते, पण व्हेरिएंट किंवा इंधन बदललं की नवं बुकिंग धरलं जातं. तोंडी ‘होईल सर’ ऐकून बदल करून बसलात आणि तारीख ऑक्टोबरची झाली, तर सात महिने वाया.

आता रद्द करण्याकडे वळू. फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात जे असतं ते बहुतेकांनी सही करताना वाचलेलं नसतं, म्हणून आधी त्याचा फोटो काढून मोठा करून वाचा. चार वाक्यं बहुतेक सगळ्या फॉर्मवर सापडतील. डिलिव्हरीची तारीख अंदाजे आहे आणि कंपनीच्या पुरवठ्यावर अवलंबून आहे. किंमत डिलिव्हरीच्या दिवशी लागू असेल ती. शोरूम स्वतंत्र व्यापारी आहे, कंपनीचा एजंट नाही. आणि बुकिंग रद्द केल्यास अमुक रक्कम कापली जाईल.

दुसऱ्या वाक्यावर लोक चिडतात, पण ते दुधारी आहे. जानेवारीत किंमत वाढली तर वाढीव किंमत तुमच्या माथी येते, हे खरं. पण 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर उतरले तेव्हा याच वाक्यामुळे वेटिंगवरच्या लोकांचा फायदा झाला. लहान पेट्रोल गाड्यांवर 28 टक्के जीएसटी आणि 1 टक्का सेस होता, तो थेट 18 टक्क्यांवर आला. चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर सेस धरून 43 टक्के होता, तो 40 झाला. मोजली गेली ती बिलाची तारीख, बुकिंगची नव्हे.

कापण्याचं वाक्य मात्र पायरी बघून वाचायचं असतं. शोरूमवाल्याच्या खुर्चीत बसून पाहा. गाडी अलॉट होऊन त्याच्या यार्डात आली की त्याने तिचे पैसे कंपनीला दिलेले असतात, बहुतेक वेळा बँकेकडून उचलून. 25 लाखांच्या गाडीवर वर्षाला 9 टक्क्यांनी व्याज धरलं, तर दिवसाला साधारण 600 रुपये जातात. तुम्ही ऐन वेळी नकार दिला आणि ती गाडी तुमच्या खास रंगाची असल्यामुळे दोन आठवडे पडून राहिली, तर आठ-नऊ हजार त्याच्या खिशातून गेले. अशा वेळी थोडी रक्कम कापली तर मीही त्याला चूक म्हणणार नाही. बिल फाटून, टॅक्स भरून नोंदणी झाल्यावर तर विषयच वेगळा. ती गाडी कागदावर तुमची झालेली असते आणि पुढच्या गिऱ्हाइकाला ती वापरलेली म्हणूनच विकावी लागते.

पण तुमच्या बाबतीत यातलं काहीच घडलेलं नाही. गाडीच आलेली नाही. शोरूमने तुमच्यासाठी एक रुपया गुंतवलेला नाही. उलट तुमचे 50 हजार सात महिने वापरले. 7 टक्क्यांनी मोजलं तरी त्याचं व्याज दोन हजारांच्या आसपास होतं. तुम्ही गेलात तर तुमच्या मागचा माणूस एक नंबर पुढे सरकेल, नुकसान कुणाचं? त्यात त्यांनी स्वतः सांगितलेली मुदत उलटून गेली आहे. अलॉटमेंटच्या आधी, मुदत टळल्यावर, पाचवा हिस्सा रक्कम कापणं टिकणारं नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(46) मध्ये ‘अनुचित करार’ कशाला म्हणायचं ते दिलं आहे. करार मोडल्याने झालेल्या नुकसानाच्या मानाने अगदीच जास्त दंड लावणारी अट त्यात स्पष्टपणे येते. फॉर्मवर छापलंय आणि तुमची सही आहे, एवढ्याने अट योग्य ठरत नाही.

म्हणजे लगेच केस करा असं नाही. निम्म्याहून जास्त वेळा नीट लिहिलेला एक ईमेल पुरतो, फक्त तो योग्य माणसाला जायला हवा. शोरूमच्या जनरल मॅनेजरला पाठवा आणि कंपनीच्या ग्राहक सेवेला प्रत लावा. भाषा रागाची नको, नोंदीची हवी. मी लोकांना साधारण असा मजकूर देतो:

‘पावती क्रमांक अमुक, दिनांक अमुक, ऑर्डर क्रमांक अमुक. बुकिंगच्या वेळी सांगितलेला चार ते पाच महिन्यांचा कालावधी उलटला आहे. आजपर्यंत मला कोणतीही गाडी अलॉट झालेली नाही व चॅसिस नंबर कळवलेला नाही. सबब मी हे बुकिंग आजच्या तारखेस रद्द करत आहे. भरलेली संपूर्ण रक्कम रु. 50,000 पंधरा दिवसांत सोबतच्या बँक खात्यात जमा करावी. कोणतीही कपात करायची असल्यास कोणत्या खर्चापोटी, ते लेखी कळवावे.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. ‘कोणत्या खर्चापोटी’ याचं लेखी उत्तर द्यायला कुणीच तयार नसतं, कारण खर्च झालेलाच नसतो. सोबत पावतीची प्रत आणि कॅन्सल केलेला चेक जोडा. चार-पाच महिने हे तोंडीच सांगितलं होतं का? मग जुने व्हॉट्सअ‍ॅप चाळा. ‘सर जुलै एंड पक्का’ असा एखादा मेसेज जवळजवळ प्रत्येकाकडे निघतो, आणि तो पुरावा म्हणून चालतो. शोरूमच्या फोनवर नवा फोन करून वाद घालण्यापेक्षा तो स्क्रीनशॉट ईमेलला जोडणं जास्त उपयोगी.

पंधरा दिवसांत काही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. तिला निकाल देण्याचा अधिकार नाही, ती तक्रार कंपनीकडे पोचवते, पण गाड्यांच्या कंपन्या या तक्रारींना उत्तर देतात आणि शोरूमला वरून फोन येतो. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे फॉर्मवर ‘न्यायक्षेत्र फक्त मुंबई’ असं छापलेलं असलं तरी घाबरू नका. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं आणि तुमच्या रकमेला फी लागत नाही. एक बारकावा वकिलाला आठवण करून द्या: अट अनुचित म्हणून थेट रद्द करून मागायची असेल तर तो विषय राज्य आयोगाचा आहे, जिल्हा आयोगात ‘पैसे परत न देणं ही सेवेतली त्रुटी’ अशी मांडणी करायची. 10 हजारांसाठी वर्षभर तारखा खायच्या का, हा तुमचा निर्णय. मी असतो तर ईमेल आणि 1915 पर्यंत नक्की गेलो असतो, पुढचं परिस्थिती बघून.

सगळे पैसे तुम्ही शोरूमच्या खात्यातच भरले होते ना, हेही एकदा बघा. गर्दीच्या मॉडेलला ‘रांगेत वर घेतो’ म्हणून पाच-दहा हजार एक्झिक्युटिव्हच्या स्वतःच्या यूपीआयवर मागितले जातात. त्या पैशांची पावती नसते आणि परतावाही नसतो. त्याचा भाऊ म्हणजे ‘इन्शुरन्स आणि 60 हजारांच्या अ‍ॅक्सेसरीज आमच्याकडून घेतल्यात तर लवकर’ हा प्रकार. विमा कुठून घ्यायचा ते तुम्ही ठरवता, शोरूम सक्ती करू शकत नाही. पण खरं सांगायचं तर मॅनेजरच्या हातात थोडं मागेपुढे करणं असतंच, आणि ज्या व्यवहारात नफा जास्त त्या व्यवहाराकडे त्याचं मन जातं. याला ईमेलवर ऑर्डरची तारीख मागत राहणं हाच उतारा, कारण लेखी तारीख असलेल्या माणसाला डावलताना तो दोनदा विचार करतो.

थांबायचं ठरवलंत तर तुमच्या बाबतीत दोन गोष्टी अवघड होणार आहेत. आज ऑक्टोबर, तीन महिने म्हणजे जानेवारी. जानेवारीत हातात येणारी गाडी डिसेंबरमध्ये बनलेली असण्याची शक्यता मोठी, आणि विकायला काढाल तेव्हा ती एक वर्ष जुनी मोजली जाते. वर्ष संपताना शोरूमना यार्ड रिकामं करायचं असतं, म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अचानक ‘सर, तुमची गाडी आली, उद्या पूर्ण पैसे भरा’ असा फोन येतो. तेव्हा पैसे भरण्याआधी चॅसिस नंबर मागा आणि उत्पादनाचा महिना-वर्ष लेखी घ्या. विक्रीच्या दाखल्यावर, म्हणजे फॉर्म 21 वर, तो लिहावाच लागतो. गाडी त्याच वर्षाची हवी असेल किंवा जुन्या वर्षाची घेतोय म्हणून सूट हवी असेल, तर बोलण्याची वेळ तीच. बिल फाटल्यावर कुणी ऐकत नाही.

दुसरी गोष्ट कर्जाची. कर्जाचं मंजुरीपत्र ठरावीक मुदतीचंच असतं. मार्चमध्ये घेतलेलं पत्र आता कालबाह्य झालं असेल आणि नवं करताना व्याजदर बदललेला असू शकतो. ते आत्ताच नवं करून ठेवा, पण बँकेला रक्कम सोडायला चॅसिस नंबर हातात आल्यावरच सांगा. ‘लोन रिलीज करा, गाडी लगेच अलॉट करतो’ असं म्हणून पैसे आधी मागवले जातात आणि घरात गाडी नसताना हप्ता सुरू होतो. जुनी गाडी एक्स्चेंजला द्यायची असेल तरी हाच नियम: नवी अलॉट झाल्याशिवाय जुन्या गाडीची चावी देऊ नका. भाव आज ठरवून घ्या आणि तो किती दिवस टिकेल ते लिहून घ्या.

दुसऱ्या शहरातल्या शोरूममध्ये आणखी एक बुकिंग करावं का, असं बरेच जण विचारतात. करता येतं, धुळे किंवा संभाजीनगरला त्याच व्हेरिएंटची रांग कधी कधी निम्मी असते. पण काही कंपन्यांची सिस्टिम एकाच मोबाइल नंबरवर त्याच मॉडेलची दोन बुकिंगं पकडते, म्हणून पत्नीच्या किंवा वडिलांच्या नावाने करायचं असेल तर गाडीही त्यांच्याच नावावर होणार हे लक्षात ठेवा. नंतर नाव बदलून देतो म्हणणाऱ्यावर विसंबू नका.

तुमच्या जागी मी या आठवड्यात आधी कंपनीकडून ऑर्डरची तारीख काढेन. ती मार्चची असेल, मॅनेजरचे आकडे चार महिन्यांच्या आत बसत असतील आणि रंगाबद्दल हट्ट नसेल, तर रंग बदलून थांबेन. तारीख मे-जूनची निघाली किंवा आकडेच मिळाले नाहीत, तर वर दिलेला ईमेल त्याच संध्याकाळी पाठवेन. पैसे परत करताना शोरूम मूळ पावती मागेल. ती द्या, पण आधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि जमा केल्याची सही-शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय ती हातातून सोडू नका.